आरओसी वक्र आणि लॉजिस्टिक वर्गीकारकाचे मूल्यमापन

आरओसी वक्र (रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक वक्र) हा दोन गटांत वर्गीकरण करणाऱ्या प्रतिमानाची संवेदनशीलता आणि विशिष्टता निर्णयाच्या उंबरठ्यानुसार कशी बदलते, हे दाखविणारा आलेख आहे. लॉजिस्टिक प्रतिमान प्रत्येक व्यक्तीसाठी ० ते १ यांच्या दरम्यानची एक संभाव्यता देते. 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर ते स्वतः देत नाही. हे उत्तर मिळविण्यासाठी एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा हलला की प्रतिमान तेच राहूनही चुकांचे स्वरूप बदलते. हा बदल एकाच चित्रात पाहता येणे, हा या वक्राचा मुख्य उपयोग आहे.

या आलेखाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील रडार-संकेतांच्या विश्लेषणात आहे. त्याच्या नावातील 'रिसीव्हर' हा शब्द संकेत ग्रहण करणाऱ्या यंत्रणेवरून आलेला आहे. पुढे मानसशास्त्र, वैद्यकीय निदान आणि यंत्र-अध्ययन या क्षेत्रांत त्याचा वापर रूढ झाला.

## दोन गुणोत्तरे

ज्या गटाचा शोध घ्यायचा आहे, त्याला सकारात्मक गट म्हणतात. आजाराच्या संदर्भात आजारी व्यक्ती या गटात येतात.

* संवेदनशीलता: प्रत्यक्ष आजारी असलेल्यांपैकी किती जणांना वर्गीकारकाने आजारी ठरविले, याचे प्रमाण. ती कमी असेल, तर आजारी माणसे नजरेतून सुटतात.
* विशिष्टता: प्रत्यक्ष निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना वर्गीकारकाने निरोगी ठरविले, याचे प्रमाण. ती कमी असेल, तर निरोगी माणसांना विनाकारण आजारी ठरविले जाते. अशा चुकीच्या इशाऱ्यांना खोटे सकारात्मक निकाल म्हणतात.

संवेदनशीलतेचा छेद केवळ आजारी व्यक्तींचा असतो, तर विशिष्टतेचा केवळ निरोगी व्यक्तींचा. त्यामुळे एका गुणोत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज करता येत नाही. सर्वांना आजारी ठरविणाऱ्या वर्गीकारकाची संवेदनशीलता १०० टक्के असते, परंतु विशिष्टता शून्य असते. म्हणून ही दोन्ही मूल्ये एकत्रच आणि कोणत्या उंबरठ्यावर मोजली, हे नमूद करूनच द्यावी लागतात.

## उदाहरण: वय आणि हृदयरोग

डेव्हिड हॉस्मर आणि स्टॅन्ली लेमेशो यांच्या लॉजिस्टिक प्रतिमानांवरील पाठ्यपुस्तकातील एक संच अध्यापनात वारंवार वापरला जातो. त्यात १०० व्यक्तींचे वय आणि त्यांना हृदयरोग आहे की नाही, ही नोंद आहे. त्यांपैकी ४३ जण आजारी आणि ५७ जण निरोगी आहेत. हा संच शिकविण्यासाठी आहे. त्यावरून वैद्यकीय निष्कर्ष काढावयाचे नाहीत. या संचावर बसविलेले प्रतिमान पुढीलप्रमाणे आहे:

```
p = 1 / (1 + exp(5.309 - 0.111 * age))
```

येथे `p` ही हृदयरोग असण्याची संभाव्यता, तर `age` हे वर्षांतील वय आहे. या प्रतिमानात वय वाढले की संभाव्यता वाढते. त्यामुळे संभाव्यतेचा प्रत्येक उंबरठा म्हणजे वयाची एक मर्यादा होय. उदाहरणार्थ, ४५ वर्षांसाठी संभाव्यता सुमारे ०.४२ येते. म्हणजेच '०.४२ किंवा अधिक असल्यास आजारी' हा नियम आणि '४५ वर्षे किंवा अधिक वय असल्यास आजारी' हा नियम एकच आहे. वयोगटांच्या सीमांवर उंबरठा ठेवल्यास मिळणारे निकाल असे:

| आजारी ठरविण्याचे किमान वय | ओळखलेले आजारी (४३ पैकी) | खोटे सकारात्मक (५७ पैकी) | संवेदनशीलता (टक्के) | विशिष्टता (टक्के) |
|---|---|---|---|---|
| ६० | ८ | २ | १८.६ | ९६.५ |
| ५५ | २१ | ६ | ४८.८ | ८९.५ |
| ५० | २६ | ९ | ६०.५ | ८४.२ |
| ४५ | ३२ | १६ | ७४.४ | ७१.९ |
| ४० | ३७ | २६ | ८६.० | ५४.४ |
| ३५ | ४० | ३५ | ९३.० | ३८.६ |
| ३० | ४२ | ४८ | ९७.७ | १५.८ |

तक्त्याच्या सातही ओळी एकाच प्रतिमानाच्या आहेत. 'या प्रतिमानाची संवेदनशीलता किती?' या प्रश्नाला उंबरठा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

## वक्राची रचना आणि वाचन

आलेखाच्या उभ्या अक्षावर संवेदनशीलता आणि आडव्या अक्षावर '१ वजा विशिष्टता', म्हणजे खोट्या सकारात्मक निकालांचे प्रमाण घेतात. प्रत्येक उंबरठ्याचा एक बिंदू मिळतो. सर्वांत कडक उंबरठा डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो. तेथे कोणालाच आजारी ठरविलेले नसते. सर्वांत सैल उंबरठा उजव्या वरच्या कोपऱ्यात असतो. तेथे सर्वांनाच आजारी ठरविलेले असते. डावा वरचा कोपरा हा निर्दोष वर्गीकरणाचा होय. दोन टोकांना जोडणारा कर्ण हा निव्वळ नाणेफेकीच्या पातळीवरील वर्गीकारक दर्शवितो.

वक्राची उंची पाहण्याइतकेच त्याचा चढ पाहणे महत्त्वाचे असते. उंबरठा ६० वरून ५५ वर आणल्यास १३ आजारी व्यक्ती अधिक सापडतात आणि केवळ ४ खोटे इशारे वाढतात. येथे वक्र ताठ चढतो. ५० वरून ४५ वर येताना ६ आजारी अधिक सापडतात आणि ७ खोटे इशारे वाढतात. ४५ वरून ४० वर येताना हेच आकडे ५ आणि १० होतात. ३५ वरून ३० वर येताना २ आजारी व्यक्तींसाठी १३ खोटे इशारे पत्करावे लागतात. येथे वक्र जवळजवळ आडवा झालेला असतो. वक्राचा चढ म्हणजे आणखी एक आजारी व्यक्ती शोधण्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचे माप होय.

## वक्राखालील क्षेत्रफळ

वक्राखालील क्षेत्रफळ ही संपूर्ण वक्राचा सारांश देणारी संख्या आहे. एक आजारी आणि एक निरोगी व्यक्ती यादृच्छिकपणे निवडल्यास आजारी व्यक्तीला प्रतिमानाने अधिक संभाव्यता दिलेली असण्याची शक्यता, असा तिचा अर्थ आहे. बरोबरी झाल्यास ती जोडी अर्धी मोजतात.

वरील संचात ४३ × ५७ = २,४५१ जोड्या होतात. वयोगटांनुसार मोजणी केल्यास १,९४६.५ जोड्या योग्य क्रमाने लागतात आणि क्षेत्रफळ सुमारे ०.७९ येते. नाणेफेकीसाठी ते ०.५, तर निर्दोष क्रमवारीसाठी १ असते.

या व्याख्येवरून स्पष्ट होते की क्षेत्रफळ केवळ क्रम मोजते. प्रतिमानाने दिलेली प्रत्येक संभाव्यता निम्मी केली, तरी क्रम बदलत नाही आणि क्षेत्रफळही बदलत नाही. मात्र आता ०.४ ही संभाव्यता दिलेल्या गटात प्रत्यक्षात सुमारे ८० टक्के लोक आजारी असू शकतात. संभाव्यता वास्तवाशी जुळतात की नाही, हे आरओसी वक्र सांगत नाही. त्यासाठी समान संभाव्यता मिळालेल्या व्यक्तींचे गट करून त्यांतील प्रत्यक्ष आजारी व्यक्तींचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासावे लागते.

## उंबरठ्याची निवड

अनेक संगणक-प्रणाली ०.५ हा उंबरठा गृहीत धरतात. वरील प्रतिमानात तो सुमारे ४८ वर्षांशी जुळतो. मात्र त्यामागे आजार सुटणे आणि खोटा इशारा मिळणे या दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत, असे मानलेले असते.

विल्यम युडन यांनी १९५० मध्ये सुचविलेल्या निर्देशांकात संवेदनशीलता आणि विशिष्टता यांच्या बेरजेतून १ वजा करतात. तक्त्यातील उंबरठ्यांपैकी ४५ वर्षांसाठी तो सर्वाधिक, म्हणजे ०.४६ येतो. परंतु एकूण चुकांची संख्या ५० वर्षांसाठी सर्वांत कमी, म्हणजे २६ आहे. ४५ वर्षांसाठी ती २७ होते. म्हणजे 'सर्वोत्तम' उंबरठा कोणता, हे निकषावर अवलंबून असते.

चुकांची किंमत ठरविता आली, तर चढाच्या आधारे निवड करता येते. एक आजारी व्यक्ती सुटणे हे चार खोट्या इशाऱ्यांइतके वाईट मानल्यास उंबरठा ३५ वर्षांपर्यंत खाली आणणे योग्य ठरते. ४० वरून ३५ वर येताना दर सापडलेल्या आजारी व्यक्तीमागे ३ खोटे इशारे वाढतात. त्यापुढील पायरीवर हे प्रमाण ६.५ होते, म्हणून ती पायरी टाळावी लागते.

## मर्यादा आणि नेहमीच्या चुका

आजाराचे प्रमाण. वरील संचात ४३ टक्के व्यक्ती आजारी आहेत. ४५ वर्षांच्या उंबरठ्यावर ४८ जण आजारी ठरतात आणि त्यांपैकी ३२ जण, म्हणजे दोनतृतीयांश, खरोखर आजारी असतात. आता हीच संवेदनशीलता आणि विशिष्टता कायम धरून ५ टक्के आजार असलेल्या १,००० लोकांचा विचार केल्यास ५० आजारी व्यक्तींपैकी सुमारे ३७ जण सापडतात, तर ९५० निरोगी व्यक्तींपैकी सुमारे २६७ जणांना खोटा इशारा मिळतो. आजारी ठरविलेल्यांपैकी खरोखर आजारी असलेले केवळ १२ टक्के उरतात. आरओसी वक्र मात्र दोन्ही ठिकाणी तंतोतंत सारखाच दिसतो. त्यामुळे चुकांच्या किमतीवरून निवडलेला उंबरठा एका लोकसंख्येतून दुसरीत जसाच्या तसा नेता येत नाही.

संभाव्यतेऐवजी अंतिम निर्णयावरून वक्र काढणे. पायथॉनमधील `scikit-learn` संचात `predict` ही आज्ञा ० किंवा १ असा निर्णय देते, तर `predict_proba` संभाव्यता देते. वक्रासाठी चुकून पहिल्या आज्ञेचे उत्तर वापरल्यास आलेखात दोन टोकांशिवाय एकच बिंदू राहतो आणि दोन सरळ रेषांचा एक कोन दिसतो. अशा आलेखाखालील क्षेत्रफळ संवेदनशीलता आणि विशिष्टता यांच्या सरासरीइतके असते. ४५ वर्षांच्या उंबरठ्यासाठी ते ०.७९ ऐवजी ०.७३ येईल. आलेखात एकच कोपरा दिसणे, ही या चुकीची खूण होय.

त्याच विदेवर चाचणी. ज्या नोंदींवरून प्रतिमान बसविले, त्यांच्यावरच वक्र काढल्यास तो सहसा वास्तवापेक्षा चांगला दिसतो. चलांची संख्या जास्त आणि आजारी व्यक्तींची संख्या कमी असल्यास हा फरक वाढतो. उंबरठाही त्याच नोंदींवरून निवडला असेल, तर त्याची संवेदनशीलता आणि विशिष्टता प्रतिमानाने पूर्वी न पाहिलेल्या नोंदींवर पुन्हा मोजावी लागते.