गुण सारखे, मग पुढे कोण?

२२ जून २००४. पोर्तुगालमधल्या गिमाराइश शहरात युरो करंडकाचा इटली-बल्गेरिया सामना १-१ असा अडकला होता. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला अंतोनियो कासानोने गोल मारला आणि इटली जिंकली. जल्लोष मात्र क्षणभरच टिकला, कारण त्याच वेळी पोर्तोत चाललेला स्वीडन-डेन्मार्क सामना २-२ असा सुटला होता. इटली एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर पडली.

गटात चार संघ होते. स्वीडन, डेन्मार्क आणि इटली या तिघांनीही बल्गेरियाला हरवलं, आणि आपापसातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले. प्रत्येकाचे गुण पाच. पुढे जाणार दोघेच.

आपल्याला पटकन सुचणारा उपाय म्हणजे गोलफरक, म्हणजे मारलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. पण युरोपीय फुटबॉल संघटनेचा, म्हणजे युएफाचा, नियम आधी दुसरीकडे बघायला सांगत होता. ज्यांचे गुण सारखे झालेत त्यांच्या आपापसातल्या लढतींचीच एक छोटी गुणतालिका मांडायची. बल्गेरियाविरुद्धचे सगळे निकाल बाजूला ठेवायचे. त्या छोट्या तालिकेत आधी गुण, मग गोलफरक, मग मारलेले गोल बघायचे, आणि एवढं करूनही गाठ सुटली नाही तरच गटातल्या सगळ्या सामन्यांकडे वळायचं.

मांडून बघू. इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१, स्वीडन-डेन्मार्क २-२. तिघांचे गुण दोन-दोन. सगळे सामने बरोबरीचे, म्हणून गोलफरक तिघांचाही शून्य. उरले मारलेले गोल: स्वीडनचे तीन, डेन्मार्कचे दोन, इटलीचा एक. निकाल लागला.

यातली खरी गोम शेवटच्या दिवसाआधीच कागदावर दिसत होती. पोर्तोत ०-० झालं असतं, तर स्वीडन आणि इटलीचा एक-एक गोल आणि डेन्मार्कचा शून्य, म्हणजे डेन्मार्क घरी. १-१ झालं असतं, तर स्वीडन पुढे गेला असता, इटली आणि डेन्मार्क पुन्हा सारखे राहिले असते आणि मग बल्गेरियाला किती गोलांनी हरवलं ते मोजलं गेलं असतं. डेन्मार्कने त्यांना २-० असं हरवलं होतं, त्यामुळे तीन गोलांनी जिंकली असती तरी इटलीचं काम झालं असतं. पण २-२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली, की इटलीने बल्गेरियाला दहा गोल घातले तरी उपयोग शून्य. ते गोल छोट्या तालिकेत येणारच नव्हते.

साहजिकच इटलीत आधीपासून कुजबुज होती की शेजारी-शेजारी मिळून २-२ करणार. संशय घ्यायला जागा होती, पण सामना काही लुटुपुटुचा दिसला नाही. डेन्मार्कने दोनदा आघाडी घेतली, स्वीडनने दोनदा ती फेडली, आणि दुसऱ्यांदा तर ८९व्या मिनिटाला. माझ्या मते इटलीने दोष द्यायचाच तर स्वतःला द्यावा: आपापसातल्या दोन सामन्यांत मिळून एकच गोल.

मग अशा नियमाचा हट्ट कशासाठी? कारण गोलफरकालाही खोट आहे. दुबळ्या संघाला कुणी किती झोडपलं यावर बलवानांचा निकाल ठरतो. तो दुबळा संघ कधी जीव तोडून खेळतो, तर कधी स्पर्धेतून बाद झाल्यावर पाट्या टाकतो. ज्याच्या वाट्याला तो दुसऱ्या अवस्थेत येतो त्याची चंगळ. आपापसातला निकाल हा निदान त्या दोघांनी एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवून मिळवलेला असतो.

पण वर्षभराच्या लीगमध्ये हाच युक्तिवाद मला तितकासा पटत नाही. स्पेनच्या २००६-०७च्या लीगमध्ये रिआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक ४५, माद्रिदचा २६. तरी विजेता माद्रिद, कारण त्यांनी बार्सिलोनाला घरच्या मैदानावर २-० हरवलं होतं आणि परतीचा सामना ३-३ असा सुटला होता. शेवटच्या दिवशी बार्सिलोना ५-१ जिंकली; पाचाऐवजी पंधरा गोल झाले असते तरी चित्र बदललं नसतं. अडतीस सामन्यांच्या हिशेबात दोनच सामने वरचढ ठरले. इंग्लंडमध्ये मात्र गोलफरकाला पहिला मान असतो. २०१२ साली मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले आणि सिटीने आठ गोलांच्या जादा फरकावर युनायटेडकडून विजेतेपद हिसकावलं. (त्या मोसमात सिटीने युनायटेडला दोन्हीदा हरवलं होतं, त्यामुळे स्पेनचा नियम लावला असता तरी चषक त्यांचाच.)

इंग्लंडमध्येही गोलफरक कायमचा नव्हता. १९७६ पर्यंत तिथे वजाबाकीऐवजी भागाकार करायचे: मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल. १९२४ साली हडर्सफील्ड आणि कार्डिफ दोघांचे ५७ गुण. हडर्सफील्डचे गोल ६० आणि ३३, कार्डिफचे ६१ आणि ३४. वजाबाकी केली तर दोघांचे २७. पण भागाकारात हडर्सफील्ड १.८२ आणि कार्डिफ १.७९, म्हणून विजेतेपद हडर्सफील्डला गेलं. आजचा नियम असता तर फरक सारखा म्हणून जास्त गोल मारणारा कार्डिफ जिंकला असता. भागाकार नकळत कमी गोल खाणाऱ्याला बक्षीस देतो, म्हणून तो बचावाला खतपाणी घालतो अशी तक्रार होती.

आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये आपापसातल्या निकालाची गंमत २०२१ साली गोव्यात दिसली. कोविडमुळे सगळी लीग तिथेच भरली होती. २८ फेब्रुवारीला बांबोळीच्या मैदानावर साखळीच्या अखेरीस एटीके मोहन बागान ४० गुणांवर आणि मुंबई सिटी ३७वर होते. बागानला बरोबरी पुरेशी होती. मुंबईने आधीचा सामना १-० जिंकलेला, त्यामुळे कितीही फरकाने जिंकलं तरी गुण सारखे आणि आपापसात वरचढ. मुंबई २-० जिंकली आणि लीग विजेत्याची ढाल घेऊन गेली. या नियमामुळे साध्या साखळी सामन्याला अंतिम सामन्याचं रूप आलं.

क्रिकेटच्या प्रेक्षकाला हे ओळखीचं वाटेल. २०१९च्या विश्वचषकात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे ११ गुण झाले. पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलं होतं, पण तिथे धावगती आधी बघितली जाते, म्हणून उपांत्य फेरीत गेला न्यूझीलंड.

सगळं मोजूनही सारखंच राहिलं तर? १९९०च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचे गुण, गोल आणि एकमेकांविरुद्धचा निकालही बरोबरीचा, म्हणून दुसरा-तिसरा क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरवला. २०१८मध्ये चिठ्ठ्यांच्या आधी कार्डं मोजण्याचा नियम लागू होता. जपान आणि सेनेगल दोघांचे चार गुण, चार गोल मारलेले, चार खाल्लेले, आपापसात २-२. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. शेवटच्या सामन्यात पोलंडविरुद्ध ०-१ असा मागे असतानाही जपान शेवटची काही मिनिटं आपल्याच अर्ध्या भागात चेंडू फिरवत राहिला, कारण दुसरीकडे सेनेगल हरत होता आणि आणखी एक कार्ड ओढवून घेणं परवडणार नव्हतं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सेनेगलने तेवढ्यात एक गोल फेडला असता, तर जपानची ही सगळी शहाणपणाची गणितं त्याच मैदानावर चुकली असती.