गाळा घेण्याआधी माणसं मोजा

रस्त्यावर गर्दी दिसली की गाळ्याचा मालक भाडं सांगतो आणि नवा दुकानदार मान डोलावतो. पण ती गर्दी आपल्या कामाची आहे का, हे सहसा कोणी मोजत नाही.

समजा, पुण्यात कोथरूडसारख्या उपनगरात फरसाण आणि मिठाईचं दुकान टाकायचं आहे. दोन गाळे डोळ्यांसमोर आहेत. एक मुख्य रस्त्यावर, भाडं महिना ६० हजार. दुसरा आतल्या गल्लीत भाजीवाल्यांच्या रांगेजवळ, भाडं २८ हजार. दोन कामगार, वीज आणि किरकोळ खर्च धरून दोन्हीकडे आणखी ४२ हजार लागतील. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची किंमत वजा जाता ३० रुपये उरतात आणि सरासरी बिल १८० रुपयांचं होतं, असं धरू.

म्हणजे पहिल्या गाळ्याला महिन्याला १ लाख २ हजारांचा खर्च भरून काढायला ३ लाख ४० हजारांची विक्री हवी, रोजची सुमारे ६३ बिलं. दुसऱ्याला रोजची ४३ पुरतात. भाड्यातला ३२ हजारांचा फरक म्हणजे दररोज, अगदी पावसाळ्यातल्या मंगळवारीसुद्धा, २० जास्तीची गिऱ्हाइकं. मुख्य रस्ता ती देतो का, एवढाच प्रश्न.

त्यासाठी समोर उभं राहून मोजावं लागतं. दर तासातली दहा मिनिटं मोजून सहाने गुणली तरी चालतं. मोजायची ती पायी चालणारी माणसं, आणि तीही गाळ्याच्या बाजूची. मधे दुभाजक असेल तर पलीकडच्या फुटपाथवरची गर्दी बहुधा दुसऱ्या कोणाची तरी असते. पाव किलो शेवेसाठी कोणी वळसा घालत नाही. साधा वार आणि रविवार दोन्ही घ्यावेत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मोजलं तर कोणताही गाळा सोन्याचा वाटेल. नेमक्या त्याच दिवसांत गाळे दाखवणारे एजंटही असतात म्हणा.

धरा, संध्याकाळी सहा ते नऊ मुख्य रस्त्यावर १२६० माणसं गेली आणि गल्लीत ६३०. निम्मीच. पण मुख्य रस्त्यावरचा माणूस बस गाठायच्या घाईत असतो, तर गल्लीतला भाजीची पिशवी घेऊन रमतगमत घरी निघालेला. अशाच दोन जागांवरच्या चालू दुकानांसमोर उभं राहून किती जण आत वळतात ते पाहावं. समजा, शंभरातले अनुक्रमे तीन आणि सहा वळले. दोन्हीकडे संध्याकाळची ३८ गिऱ्हाइकं झाली. दिवसाचा सत्तर टक्के धंदा संध्याकाळचा धरला तर रोजची ५४. गिऱ्हाइकं तेवढीच, पण एका गाळ्यात महिन्याला साडेचौदा हजारांचा तोटा आणि दुसऱ्यात साडेसतरा हजारांचा नफा.

हा आकडा दुसऱ्या बाजूने तपासून घ्यावा. रोज ५४ बिलं म्हणजे महिन्याला १६२०. एक घर महिन्यातून दोनदा आलं, तर ८१० घरं हवीत. आता दहा मिनिटांच्या चालीतल्या सोसायट्या मोजा, फक्त नाला किंवा मोठा रस्ता ओलांडून येणाऱ्या धरू नका. २४०० घरं निघाली आणि फरसाणाची दोन दुकानं आधीच असली, तर तिसऱ्याच्या वाट्याला सरळ हिशेबाने ८०० येतात. जेमतेम जमतं. त्यातलं एखादं दुकान तीस वर्षांचं, नावाजलेलं असेल तर सरळ हिशेब चालत नाही. वाटा निम्मा धरावा, आणि मग ही जागाही सोडून द्यावी.

स्पर्धक जवळ असणं नेहमीच वाईट नसतं. एकाच प्रकारचे विक्रेते एकमेकांना खेटून का बसतात, याचं गणित हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२९ साली मांडलं होतं. लक्ष्मी रोडवर साड्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत, कारण साडी घेणारी बाई चार दुकानं पाहिल्याशिवाय घेत नाही. तिथे एकटं दुकानच अडचणीत येईल. फरसाण मात्र माणूस तुलना करून घेत नाही, वाटेत लागेल तिथे घेतो. म्हणून या धंद्यात शेजारचा स्पर्धक गर्दी आणत नाही, वाटून घेतो.

गाळा आधीपासून रिकामा असेल तर आधीचं दुकान का बंद पडलं, हे शेजारच्या पानवाल्याला विचारावं, मालकाला नव्हे. एका जागी दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या धंद्यांनी गाशा गुंडाळला असेल, तर दोष बहुधा जागेचाच असतो: पायऱ्या जास्त, दुचाकी लावायला जागा नाही, किंवा समोरच्या झाडामागे पाटी दिसत नाही.

आता गल्लीतल्या गाळ्याचा साडेसतरा हजारांचा नफा पुन्हा पाहा. त्यात दुकानदाराचा स्वतःचा पगार नाही. रोजच्या ५४ बिलांतून महिन्याला साधारण ८७ हजार ५०० उरतात. त्यातून ४२ हजार खर्च आणि स्वतःचे २० हजार वजा केले की भाड्यासाठी साडेपंचवीस हजार राहतात. दरवर्षी पाच टक्के भाडेवाढीची अट करारात असेल, तर तेही पुढच्या वर्षी अपुरे पडतील. तेव्हा मालकाशी बोलणी २८ वरून नव्हे, २४ वरून सुरू करावी, आणि साडेपंचवीसच्या वर गेल्यास उठावं.