रसाचा पीएच आणि सुस्तावलेला इलेक्ट्रोड

साखर कारखान्यात ऊस पिळून निघालेला रस आंबट असतो; त्याचा पीएच साधारण सव्वापाच ते साडेपाच. तो तापवून, चुन्याचं दूध आणि गंधकाचा वायू सोडून सातच्या आसपास आणावा लागतो. चुना कमी पडला तर तापलेल्या आंबट रसात साखर मोडते, जास्त झाला तर रंग गडद होतो. चुन्याचा पंप किती उघडायचा, हे काचेच्या इलेक्ट्रोडच्या आकड्यावर ठरतं. गळीत हंगामात त्याच काचेवर चुन्याचा थर बसत राहतो.

इलेक्ट्रोड तपासायचा तर काढून धुवायचा आणि गार होऊ द्यायचा. मग तो ७.०० च्या बफरमध्ये, पुन्हा धुऊन ४.०१ च्या बफरमध्ये बुडवायचा. काच पुसून घासू नये, पाणी नुसतं टिपून घ्यावं. बाटलीतला बफर ग्लासात ओतून वापरावा आणि नंतर फेकून द्यावा. बाटलीत परत ओतलेल्या बफरवर कसला भरवसा ठेवायचा?

समजा, सातच्या बफरमध्ये उणे १२ मिलिव्होल्ट आले आणि चारच्या बफरमध्ये १५०. फरक १६२, भागिले २.९९, म्हणजे एका पीएचमागे ५४. पंचवीस अंशाला आदर्श आकडा ५९.२ असतो. म्हणजे हा इलेक्ट्रोड ९२ टक्क्यांवर आला आहे. वय दिसू लागलंय, पण अजून चालेल. ८५ च्या खाली गेला किंवा सातच्या बफरमध्ये ३० मिलिव्होल्टहून जास्त सरकला, तर नवा मागवावा.

पण या हिशेबात एक गोष्ट सुटते. कॅलिब्रेशन करताना आपण आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहतो. पंप पाहत नाही. म्हणून सातमधून चारमध्ये टाकताना घड्याळ लावावं. चांगला इलेक्ट्रोड अर्ध्या मिनिटात स्थिरावतो. थर बसलेला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तरीही ९२ टक्केच दाखवतो.

अशा इलेक्ट्रोडवर नियंत्रक काय करतो? रस सातला पोचलेला असतो, पडद्यावर मात्र ६.४. चुना चालूच राहतो. आकडा सातला येईपर्यंत रस आठच्या घरात गेलेला असतो. मग चुना बंद, आणि तोच खेळ उलट. आलेख लाटांसारखा डोलतो. ऑपरेटर म्हणतो, ‘साहेब, पंप हळू चालतोय,’ आणि कोणीतरी गेन वाढवतो. लाटा आणखी उंच होतात.

आधी पंप हाताने एका मात्रेवर स्थिर ठेवून पाहावा. आकडा शांत झाला, तर रस ठीक आहे आणि लाटा नियंत्रणानेच उठवल्या आहेत. मग इलेक्ट्रोड थोडा वेळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून थर विरघळवावा, तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा आणि घड्याळ लावून पुन्हा तपासावा. नवा येईपर्यंत जुन्यावरच भागवायचं असेल, तर गेन कमी करावा. किंवा चुना थोडा सोडून, आकडा स्थिरावण्याइतकं थांबून, मगच पुढचा सोडावा. रस किंचित उशिरा सातला येतो, पण सातच्या पुढे धावत नाही.