‘बाकी काही नाही’ म्हणजे नक्की काय?

भोसरी एमआयडीसीतला चाळीसेक माणसांचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. लेथवर आणि सीएनसीवर गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि एका मोठ्या वाहन कंपनीला जातात. बिलं, पगार, जीएसटी, बँक हे सगळं बरीच वर्षं एकच बाई सांभाळतात. त्यांनी राजीनामा दिला, ३० सप्टेंबर हा शेवटचा दिवस ठरला आणि त्यांनी दीड पानाची हँडओव्हर नोट मालकांच्या हातात ठेवली. अशा नोटमध्ये साधारण असं लिहिलेलं असतं : ‘जीएसटी ऑगस्टपर्यंत भरला आहे. टीडीएस, पीएफ, ईएसआय वेळेवर. प्लेटिंगवाल्याचा हिशोब चालू आहे. कंपनीच्या पेमेंटसाठी परचेसच्या साहेबांना फोन करावा. बाकी काही नाही.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी नोव्हेंबर उजाडेपर्यंत नव्या माणसाच्या नाकी नऊ येतात. यात बाईंनी काही लपवलेलं नसतं. नोट आठवणीतून लिहिली जाते आणि हाताला वळण पडलेलं काम आठवणीत ‘काम’ म्हणून राहतच नाही. शिवाय सप्टेंबरात लिहिलेल्या नोटमध्ये सप्टेंबरच दिसतो. फेब्रुवारीत काय करावं लागतं, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात असणार? म्हणून नोट पुन्हा पुन्हा वाचून काय राहिलं ते सापडत नाही. ती अशा कागदांशेजारी ठेवावी लागते, ज्यांचा लिहिणाऱ्याच्या आठवणीशी संबंध नाही.

पहिला कागद बँकेचं स्टेटमेंट. एका महिन्याचं पुरत नाही, तेरा-चौदा महिन्यांचं घ्यावं; वर्षातून एकदाच जाणारी रक्कम कधी आठवडाभर पुढे-मागे झालेली असते. प्रत्येक खर्चाच्या ओळीसमोर एकच प्रश्न : हे नोटमध्ये आहे का? मग एकेक गोष्ट वर येते. विम्याचा हप्ता येतो. मालकांच्या कंपनीचा वर्षाचा व्यवसाय कर येतो, जो ३० जूनपर्यंत भरायचा असतो. कामगार कल्याण निधी सहा महिन्यांनी एकदाच जातो. जूनची वर्गणी जुलैच्या १५ तारखेपर्यंत भरली गेली, आता डिसेंबरची भरायची आहे जानेवारीत. सप्टेंबरातल्या नोटमध्ये तो नसणं अगदी साहजिक आहे.

पण स्टेटमेंट फक्त दिलेल्या पैशांबद्दल बोलतं. जे अजून घडलेलं नाही, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी नोटमधलं प्रत्येक ‘चालू आहे’ आणि ‘बघतेय’ अडवून धरावं लागतं. आता कोण कोणासाठी थांबलंय? पुढची तारीख कोणती? कागद कुठे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेईपर्यंत ती ओळ पूर्ण झाली असं मानू नये.

‘प्लेटिंगवाल्याचा हिशोब चालू आहे’ हीच ओळ घेऊ. कारखाना आपले भाग बाहेर प्लेटिंगला पाठवतो. ही विक्री नसते, म्हणून माल बिलावर न जाता डिलिव्हरी चलनावर जातो आणि त्यावर जीएसटी लागत नाही. मात्र एक अट आहे : माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, किंवा प्लेटिंगवाल्याच्या जागेवरूनच पुढे विकला गेला पाहिजे. तसं झालं नाही, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी विकला असं कायदा धरतो. मग कर लागतो आणि तेव्हापासूनचं व्याजही. समजा, गेल्या वर्षी १८ नोव्हेंबरला १२०० नग गेले. ११४० परत आले. उरलेल्या ६० नगांचं प्लेटिंग बिघडलं, आणि ‘पुन्हा करून देतो’ असं प्लेटिंगवाला फोनवर म्हणाला. बाईंच्या लेखी तो हिशोब खरोखरच चालू आहे. पण यंदाचा १८ नोव्हेंबर नोटमध्ये कुठेच नाही, आणि त्या दिवशी बाई दुसऱ्या ऑफिसात असणार आहेत.

हे शोधायला अर्धा दिवस पुरतो. गेलेल्या मालाची चलनं एका बाजूला, परत आलेल्या मालाच्या नोंदी दुसऱ्या बाजूला. जिथे जोडी लागत नाही ती चलनं वेगळी काढायची, जुनं आधी, आणि प्रत्येकासमोर वर्ष कधी भरतं ते लिहायचं. हीच यादी पुढे आणखी एका कामाला येते. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर जॉब वर्कला गेलेल्या मालाचं एप्रिल ते सप्टेंबरचं विवरण २५ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं. बाई गेल्यानंतर पुरते चार आठवडेही उरत नाहीत.

आता माणसं. नोटमध्ये बहुतेक वेळा हुद्द्याने मोठी माणसं असतात, कारण लिहिताना तीच आठवतात. परचेसच्या साहेबांचा नंबर आहे, पण पेमेंट त्यांच्या टेबलावर अडत नाही. माल पोहोचल्यावर कंपनीच्या स्टोअरमध्ये तो मोजला जातो, त्याची पोचनोंद, म्हणजे जीआरएन, होते आणि त्यानंतरच बिल पुढे सरकतं. ती नोंद करणाऱ्या स्टोअरच्या माणसाला बाई दर आठवड्याला फोन करतात, आणि त्याचं नाव नोटमध्ये नाही. ते सापडतं पाठवलेल्या मेलमध्ये आणि फोनच्या कॉल यादीत. गेल्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी वारंवार बोलणं झालं, पण जे नोटमध्ये नाहीत, तेवढ्यांची यादी बाईंकडूनच करून घ्यावी. नुसता नंबर मात्र उपयोगाचा नाही. त्याच्याकडे कशासाठी जायचं, तो कधी फोन उचलतो आणि शेवटचं बोलणं कुठे थांबलंय, हे तिन्ही हवं.

यापेक्षा बिनबोभाट राहणारी गोष्ट म्हणजे ओटीपी. जीएसटी, प्राप्तिकर, पीएफ, बँक या सगळ्यांच्या साइटवर कोणाचा मोबाइल आणि कोणाचा मेल नोंदवलेला आहे, हे एकेक साइट उघडून, मालकांना शेजारी बसवून पाहावं. लहान कारखान्यांत सोयीसाठी कर्मचाऱ्याचा स्वतःचा नंबर दिलेला असतो. बाई असेपर्यंत त्याचा त्रास होत नाही. पण विवरण भरायच्या शेवटच्या संध्याकाळी ओटीपी एका माजी कर्मचाऱ्याच्या फोनवर जातो आणि ती व्यक्ती तेव्हा लोकलमध्ये असते. नंबर बदलून झाल्यावर एकदा लॉगिन करून ओटीपी खरंच नव्या फोनवर येतो का, हेही पाहावं. पासवर्ड मात्र नोटमध्ये लिहून घेऊ नयेत. बँकेत बाईंच्या नावाने जो युजर आहे तो नव्या माणसाला न देता बंद करावा आणि नवा उघडावा. ई-वे बिलासाठी त्यांचा उप-युजर असेल तर तोही गोठवावा. नाहीतर पुढे एखादी नोंद कोणी केली, हे कोणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात अवघड असतात त्या आडवाटा. म्हणजे रीतसर मार्ग अडला म्हणून कोणीतरी एकदा काढलेली आणि मग कायमची झालेली युक्ती. ‘ताई, काही राहिलं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. त्यापेक्षा असं विचारावं : ‘मागच्या वेळी तुम्ही चार दिवस रजेवर होता, तेव्हा ऑफिसातून कशासाठी फोन आले?’ किंवा, ‘महिन्यातल्या कोणत्या दिवशी तुम्ही हमखास उशिरा थांबता?’

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं : ‘बारा तारखेला. ती यादी पाठवायची असते ना.’

कसली यादी? कारखान्याच्या बिलांच्या क्रमांकात तिरकी रेघ आहे, आणि ग्राहक कंपनीच्या साइटवर ती चालत नाही. म्हणून बाई तिथे रेघेच्या जागी आडवी छोटी रेघ टाकतात. जीएसटीच्या विवरणात मात्र टॅलीतला मूळ क्रमांक जातो. परिणामी एकाच बिलाचे दोन क्रमांक होतात, कंपनीच्या अकाउंट्सला जुळणी लागत नाही आणि बिल बाजूला पडतं. ते पडू नये म्हणून ११ तारखेपर्यंत विक्रीचं विवरण भरून झालं, की बाई १२ तारखेला दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेली एक्सेल यादी मेलने पाठवतात. १४ तारखेला कंपनीला खरेदीवरच्या कराचा तक्ता मिळतो, तेव्हा यादी तिच्या हातात असते. हे काम कोणी दिलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. ऑक्टोबरात यादी गेली नाही तर ऑक्टोबरात काहीच दिसणार नाही. पेमेंटची तारीख येईल तेव्हा रक्कम कमी येईल, आणि नवा माणूस ती रेट कापला म्हणून शोधत बसेल.

अशी आडवाट सापडली की चार गोष्टी लिहून घ्याव्यात : मूळ अडचण काय, युक्ती काय, ती चुकली तर पहिली खूण कुठे दिसेल, आणि ती कधी संपवता येईल. इथे शेवट सोपा आहे. जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपर्यंत आणि तिरकी किंवा आडवी रेघ, दोन्ही चालतात. नव्या आर्थिक वर्षात, १ एप्रिलपासून, आडव्या रेघेची मालिका सुरू केली की दोन्हीकडे एकच क्रमांक राहतो आणि यादीचं कारणच उरत नाही. तोवर बारा तारीख पाळायची.

काही आडवाटा बाईंना स्वतःलाही युक्ती वाटत नाहीत, त्या फाइलमध्ये असतात. पगाराची एक्सेल शीट उघडून `` Ctrl + ` `` दाबलं की आकड्यांऐवजी सूत्रं दिसतात. सूत्रांच्या रांगेत मध्येच नुसता आकडा दिसला, तर तो हाताने टाकलेला आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर वरच्या टप्प्यातल्या पगारावर महिना २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० होतात. शीटमध्ये सगळीकडे २०० असेल, तर दर फेब्रुवारीत ते कोणीतरी हाताने बदलत होतं. आता ते कोण बदलणार, हे लिहिलं गेलं पाहिजे.

एवढं करूनही काही गोष्टी निसटतात, आणि त्या फक्त काम करताना सापडतात. म्हणून नोट राजीनाम्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मागावी, तपासणी दुसऱ्यात करावी. उरलेल्या दिवसांत नव्या माणसाने कीबोर्डवर बसावं, आणि बाईंनी शेजारी बसून माउसला हात लावू नये. जिथे त्यांना ‘थांबा, इथे असं नाही’ म्हणावं लागतं, ती ओळ नोटमध्ये नव्हती. ती त्याच क्षणी नव्या माणसाने आपल्या शब्दांत लिहावी. बाईंची दीड पानं आणि त्याची भर मिळून जी नोट होईल, तिच्यावर दोघांनी सही करावी.

यात एक मर्यादा लक्षात ठेवावी. मागची तारीख घातलेलं चलन असं काही नियमाबाहेरचं असेल, तर ते कोणी आपणहून लिहीत नाही, मालक समोर बसलेले असताना तर नाहीच. अशा वेळी दोष कोणाचा हा विषय बाजूला ठेवून, ‘पुढच्या माणसाला काय माहीत असायला हवं’ एवढंच विचारावं, आणि समोर आलेल्या गोष्टीबद्दल त्याच आठवड्यात सीएंशी बोलून घ्यावं. ती तशीच पुढच्या नोटमध्ये गेली, तर आता ती नव्या माणसाच्या सहीने चालू राहील.