आधी आभार, मग झाडाझडती

आज आपलं काय चुकलं, असा प्रश्न रात्री स्वतःला विचारला की सगळ्यात दुखरी गोष्ट आधी वर येते, आणि मग बाकीचा दिवस दिसेनासा होतो. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणात हा प्रश्न म्हणूनच तिसऱ्या पायरीवर आहे. बास्क प्रांतातला हा उमराव घराण्यातला तरुण १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाला, अंथरुणात वाचत पडला असता देवाकडे वळला आणि पुढे त्याने येशूसंघ स्थापन केला. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या साधना-पुस्तकात हे परीक्षण पाच छोट्या मुद्द्यांत सांगितलेलं आहे. आज लोक त्याला साधारण पाव तास देतात. येशूसंघाचे फादर ते दुपारी आणि रात्री असं दोनदा करत आले आहेत.

समजा, वसईतली एक शिक्षिका जेवणं उरकून, भांडी आवरून बसली आहे. पहिली पायरी आभारांची. इथे ‘घरदार दिलंस, आरोग्य दिलंस’ असं ठोक बोलून भागत नाही. आजचं काय? सकाळी सासूबाईंनी न सांगता डबा भरून ठेवला. गणितात मागे पडणाऱ्या एका मुलीला आज भागाकार जमला. जे मिळालं ते देवाकडून आलं, हे एकेक आठवून ती म्हणते. आपल्यावर प्रेम करणाऱ्यासमोर आपण बसलो आहोत, एवढं मनात पक्कं झालं की पुढची झडती न्यायालयातल्यासारखी होत नाही. माझ्या मते या साधनेची सगळी भिस्त या क्रमावर आहे. घाईत लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

दुसरी पायरी अगदी लहान आहे: माझं पाप मला दिसू दे आणि ते टाकायचं बळ दे, एवढी विनंती. स्वतःच्या बाबतीत आपण एक तर फार सैल असतो, नाही तर फार कडक. म्हणून उजेड मागून घ्यायचा.

तिसरी पायरी वेळखाऊ. उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने किंवा टप्प्याटप्प्याने पाहायचा, आणि तोही आधी विचार, मग शब्द, मग कृती अशा क्रमाने. आमच्या शिक्षिकेला मधल्या सुट्टीतला प्रसंग टोचतो आहे. एका सहकारी बाईंचं कौतुक चाललं असताना ती बोलून गेली, ‘त्यांना काय, घरी सगळं करायला माणसं आहेत.’ पण दिवस सकाळपासून पाहत आल्यामुळे तिला दिसतं की हे वाक्य प्रार्थनेच्या वेळीच मनात तयार झालं होतं. मुख्याध्यापकांनी त्या बाईंचं नाव घेतलं आणि हिचं घेतलं नाही, तेव्हा. मत्सर सकाळचा, शब्द दुपारचे. शिवाय एक कृतीही सापडते: त्याच तिरमिरीत वही दाखवायला आलेल्या मुलाला तिने परत पाठवलं होतं. हे तर ती विसरूनच गेली होती.

चौथ्या पायरीवर ती क्षमा मागते, तीही नेमक्या या गोष्टींची. गंभीर पाप असेल तर कॅथलिक माणसाला पापनिवेदनाला जावं लागतंच. परीक्षण त्याची जागा घेत नाही. पाचवी पायरी उद्याची. ‘मी चांगली वागेन’ हा निश्चय सकाळपर्यंतही टिकत नाही. ‘पहिल्या तासाआधी बाईंशी बोलेन, आणि त्या मुलाची वही मागून घेईन’, हा टिकू शकतो. शेवटी प्रभूची प्रार्थना.

एकच दोष पुन्हा पुन्हा डोकं वर काढत असेल, तर इग्नेशियसने वेगळा उपाय सांगितला आहे. सकाळी त्या एका दोषाविरुद्ध निश्चय करायचा, दिवसात तो घडला की छातीला हात लावायचा. दुपारी आणि रात्री, किती वेळा घडला तितके ठिपके त्या वेळेसाठी आखलेल्या रेघेवर द्यायचे. मग आजची रेघ कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

ठिपक्यांचा हा हिशेब हळव्या मनाला मात्र धोक्याचा. आभार आटोपते होऊ लागले, झडती लांबू लागली, काल क्षमा मागितलेलं पाप आज पुन्हा उकरलं जाऊ लागलं, तर परीक्षण वाट चुकलं असं समजावं आणि आपल्या फादरांशी बोलावं. इग्नेशियसला याचा अनुभव होता. मान्रेसा गावात तो तीच ती पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला, तरी समाधान होईना. जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली. सुटकेसाठी त्याने आठवडाभर उपास धरला, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने तो सोडायला लावला. थोड्याच दिवसांत, ही टोचणी देवाकडून येत नाही हे ओळखून, झाल्या-गेल्या पापांचं निवेदन पुन्हा करायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.