४.९ तारे आणि दलालीचा हिशेब

तीर्थक्षेत्राच्या एसटी स्टँडवर उतरलं की रिक्षावाला विचारतोच, "लॉज बघायचा का साहेब? स्वच्छ आहे, आपल्या ओळखीचा." लॉज खरंच स्वच्छ असू शकतो. पण तो तिथेच का नेतोय हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून खोली बघितल्याशिवाय आपण पैसे काढत नाही. 'टॉप १० ऑनलाइन कॅसिनो' अशी यादी मोबाइलवर दिसली की मात्र हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे. वर लिहिलेलं असतं, 'आमच्या तज्ज्ञांनी तपासलेले'. खाली दहा नावं, प्रत्येकापुढे तारे आणि 'आता खेळा' असं हिरवं बटण. पहिल्या नंबरला ४.९ तारे, दहाव्याला ४.५. दहाच्या दहा उत्तम! परीक्षेत सगळी मुलं पहिल्या वर्गात आली तर आपण पेपर तपासणाऱ्याकडे बघतो, इथे बघत नाही.

ही यादी चालवणाऱ्याला या धंद्यात 'ॲफिलिएट' म्हणतात. साधं मराठी नाव दलाल. वाचकाकडून तो एक पैसाही घेत नाही. त्याची कमाई त्या हिरव्या बटणात असते. बटणामागच्या पत्त्यात बहुतेकदा `/go/` किंवा `/visit/` असं काहीतरी असतं, आणि तिथून कॅसिनोच्या पानावर पोचलं की पत्त्याला `btag=` सारखं शेपूट लागलेलं दिसतं. ते शेपूट म्हणजे दलालाचा शिक्का. हे गिऱ्हाईक कोणी धाडलं, याची नोंद तिथे होते.

पैसे मुख्यतः दोन तऱ्हांनी मिळतात. एक, डोईमागे ठरलेली रक्कम: नव्या माणसाने खातं उघडून पैसे भरले की दलालाला एकदाच बिदागी. दुसरी तऱ्हा हिश्श्याची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

समजा, लंडनमधल्या एकाने अशा यादीतून कॅसिनोत खातं उघडलं आणि वर्षभरात तो १,००० पौंड हरला. त्यातून कॅसिनो बोनस, कर, बँकेचा खर्च वगैरे वजा करतो. ते ३०० पौंड धरू. उरले ७००. करार ३० टक्क्यांचा असेल तर यादीवाल्याला २१० पौंड मिळतात. पुढच्या वर्षी तो पुन्हा हरला की पुन्हा हिस्सा. कित्येक करारांत हे त्या माणसाचं खातं चालू असेपर्यंत सुरू राहतं. आणि तो जिंकला तर? त्या महिन्यात दलालाच्या वहीत त्याच्या नावापुढे उणे आकडा पडतो. म्हणजे ज्याचा सल्ला आपण घेतोय त्याचं पोट आपल्या हरण्यावर भरतं. अडत्यासुद्धा शेतकऱ्याचा माल चढ्या भावाने गेला तर खूश होतो, कारण त्याची अडत वाढते. इथे गणित नेमकं उलटं आहे.

आता पहिला नंबर कसा ठरत असेल ते बघू. समजा, दोन कॅसिनो आहेत. पहिला जिंकलेले पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात टाकतो, पण बोनस जेमतेम देतो. त्याच्या बटणावर शंभर जणांनी टिचकी मारली तर पाच जण खातं उघडतात आणि दलालाला डोईमागे ८० पौंड मिळतात. म्हणजे शंभर टिचक्यांना ४०० पौंड. दुसरा '१०० पौंड बोनस' असा मोठा फलक लावतो. तिथे आठ जण खातं उघडतात आणि डोईमागे १५० मिळतात. म्हणजे १,२०० पौंड. यादीत सगळ्यात जास्त टिचक्या वरच्या नावावर पडतात. तर वरची जागा कोणाला द्यावी, असं तुम्हाला वाटतं?

त्या १०० पौंड बोनसची अट बारीक अक्षरांत असते: रक्कम काढण्याआधी बोनसच्या ३५ पट खेळा. म्हणजे ३,५०० पौंडांच्या पैजा. ज्या यंत्रावर दर शंभरामागे सरासरी ४ पौंड कॅसिनोकडे राहतात, तिथे एवढं खेळताना सरासरी १४० पौंड जातात. शंभर मिळवायला एकशेचाळीस. परीक्षणात मात्र या बोनसला 'उदार' म्हटलेलं असतं.

वरची जागा सरळ महिन्याच्या भाड्यानेही विकली जाते. आणि जो कॅसिनो दलालीच देत नाही, तो बरा असला तरी यादीत सहसा सापडत नाही. 'टॉप १०' म्हणजे बाजारातले दहा नव्हेत, दलाली देणाऱ्यांतले दहा.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण २०१७ साली चांगलंच पेटलं. एका दलालाने बातमीच्या रूपात गोष्ट छापली होती: कर्जात बुडालेला माणूस, आजारी बायको, आणि ऑनलाइन कॅसिनोतल्या एका विजयाने मिटलेली सगळी विवंचना. तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने, एएसएने, यावरून लॅडब्रोक्स, स्काय बेट, ८८८ आणि कॅसुमो या कंपन्यांविरुद्ध निकाल दिले. मजकूर दलालाने परस्पर टाकला, हा बचाव चालला नाही. त्याच वर्षी जुगार आयोगाने बीजीओ या कंपनीला स्वतःच्या आणि दलालांच्या साइटवरच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ३ लाख पौंडांचा दंड केला. दलालाचं पाप मालकाच्या माथी येतंय म्हटल्यावर स्काय बेटने ब्रिटनमधली आपली दलालीची योजनाच बंद करून टाकली. आयुष्यभराच्या हिश्श्यावर डोळा ठेवून बसलेले यादीवाले साहजिकच चिडले.

दलाली घेतो म्हणून प्रत्येक जण खोटंच लिहितो, असं नाही. काही साइट अडकलेल्या पैशांच्या तक्रारी खरोखर सोडवून देतात. या धंद्यातल्या बेटर कलेक्टिव्ह, गॅम्बलिंग डॉट कॉम ग्रुप यांसारख्या कंपन्या तर शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि आपलं उत्पन्न कॅसिनो आणि सट्टा कंपन्यांकडून येतं, हे त्या अहवालात उघड लिहितात. पण जे गुंतवणूकदाराला ठळक सांगतात ते वाचकाला सांगताना पानाच्या तळाशी, करड्या अक्षरांत जातं. 'आम्हाला मोबदला मिळू शकतो', एवढंच. क्रमवारीवर त्याचा परिणाम होतो का, याचं उत्तर शोधून बघा.

ओळखायचं कसं? यादीत सगळ्यात खाली कोण आहे आणि त्याला कमी तारे का दिले, हे वाचा. उणिवांच्या रकान्यात 'फोनवर मदत मिळत नाही' इतकंच असेल आणि पैसे काढायला किती दिवस लागले, कागदपत्रं कोणती मागितली, याचा पत्ता नसेल, तर लिहिणाऱ्याने स्वतः पैसे भरून काढून बघितलेले नाहीत असं खुशाल समजा. दुसऱ्या देशात राहणाऱ्या भाच्याला किंवा मैत्रिणीला तेच पान उघडायला सांगा. पुष्कळदा तिथे पहिल्या नंबरवर वेगळंच नाव दिसतं. देशागणिक परवाने वेगळे असतात हे त्याचं एक कारण, पण देशागणिक दलालीही वेगळी असते.

आपल्याकडे हिंदी-मराठीतूनही अशा याद्या फिरतात, 'यूपीआय चालतं' आणि 'भारतात कायदेशीर' अशा शिक्क्यांसह. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. शिक्षा फक्त ते खेळ चालवणाऱ्यालाच आहे असं नव्हे; त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा तारे मोजण्याआधी तो 'कायदेशीर' शिक्का तपासा. यादीतलं पहिलं खोटं तिथेच सापडेल.