पहिला प्रश्न विचारण्याआधी

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या निमित्ताने अनेक शाळांत शब्दकोड्यांची स्पर्धा घेतात. कोडी जमवायला शिक्षक आठवडाभर खपतात. मात्र स्पर्धेच्या सुरुवातीचे निवेदन आयत्या वेळी, सुचेल तसे बोलून टाकतात. नंतर वाद होतात ते याच निवेदनात राहून गेलेल्या एखाद्या वाक्यावरून. ‘हा शब्द चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा सुरू होण्याआधी दिले, तर तो नियम असतो. तेच उत्तर दोन संघ अटीतटीला आल्यावर दिले, तर हरणाऱ्या संघाला तो पक्षपात वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

पाचवी ते सातवीचे आठ संघ, प्रत्येक संघात तीन मुले आणि तीन फेऱ्या, असा बेत धरू. अशा स्पर्धेचे निवेदन तीन मिनिटांत सावकाश वाचून व्हायला हवे. त्याहून लांबले की मुलांचे लक्ष समोरच्या कागदाकडे जाते. सुरुवात अशी करता येईल:

‘बालमित्रांनो, नमस्कार. आज तीन फेऱ्या आहेत. पहिली अक्षरांतून शब्द, दुसरी शब्दसाखळी आणि तिसरी शब्दकोडे. कागद तुमच्यापुढे पालथे ठेवले आहेत. मी “सुरू” म्हटल्यावरच ते उलटायचे. शिट्टी वाजली की पेन खाली. शिट्टीच्या आधी पूर्ण लिहिलेला शब्दच धरला जाईल. शाळेची घंटा वाजली तर तिकडे लक्ष देऊ नका, ती आपली नाही.’

शेवटचे वाक्य ऐकून मुले हसतात, पण ते गमतीसाठी घातलेले नाही. तासाची घंटा मध्येच वाजते आणि अर्धे संघ पेन खाली ठेवतात, हे शाळेत सहज घडते. म्हणून वेळ संपल्याची खूण घंटेपेक्षा वेगळी हवी. वेळ पाहणारे शिक्षकही वेगळे हवेत, कारण क्विझमास्टर बोलण्याच्या नादात घड्याळ विसरतो. प्रश्न वाचून दाखवण्यात गेलेला वेळ मोजायचा नाही. कागद उलटला की घड्याळ सुरू, असे ठरले म्हणजे आठही संघांना सारखाच वेळ मिळतो.

पहिल्या फेरीत एक मोठा शब्द देऊन त्यातल्या अक्षरांपासून छोटे शब्द करायचे असतात. मराठीत इथेच मोठी मेख आहे. ‘समाजकारण’ हा शब्द घेऊ. यात स, मा, ज, का, र, ण ही सहा अक्षरे आहेत. यातून ‘काम’ हा शब्द होतो का? ‘का’ आहे, पण सुटा ‘म’ नाही, ‘मा’ आहे. काना अक्षरापासून वेगळा काढता येतो असे मानले तर ‘काम’ चालेल. काना अक्षराला चिकटलेलाच राहतो असे मानले तर चालणार नाही. दोन्ही पद्धतींनी खेळ खेळता येतो, पण निकाल वेगवेगळा लागू शकतो.

समजा, दोन अक्षरांच्या शब्दाला एक गुण आहे आणि तीन अक्षरांच्या शब्दाला दोन. ‘मोगरा’ संघाने लिहिले: समाज, कारण, रण, सण, काम, साज, राजा, मजा. ‘पारिजात’ संघाने लिहिले: समाज, कारण, सरण, रस, मार, काज. काना सुटा धरला तर मोगराचे आठही शब्द बरोबर ठरतात आणि त्यांना 10 गुण मिळतात. पारिजातला 9 मिळतात. काना अक्षरासोबतच धरला, तर मोगराचे काम, साज, राजा आणि मजा हे चार शब्द बाद होतात आणि त्यांचे गुण 6 वर येतात. पारिजातचा मात्र एकही शब्द जात नाही, त्यांचे 9 गुण कायम राहतात. म्हणजे मुलांनी लिहिले तेच, तपासनीसही तेच, पण निवेदनातल्या एका वाक्याने विजेता बदलला.

माझे मत दुसऱ्या, कडक नियमाच्या बाजूने आहे. मराठी शब्दकोड्यात काना-मात्रेसकट एक अक्षर एका घरात बसते, त्यामुळे मुलांना तीच सवय असते. शिवाय तपासणी सोपी होते. सहा अक्षरांच्या सहा पट्ट्या टेबलावर ठेवायच्या आणि त्या सरकवून शब्द जुळतो का ते पाहायचे. नियम सांगतानाही उदाहरण द्यावे, पण ते स्पर्धेतल्या शब्दाचे नको:

‘समजा शब्द आहे “पाठशाळा”. यातून “पाठ” होईल. “शाप” होणार नाही, कारण सुटा “प” यात नाही. प्रत्येक अक्षर एका शब्दात एकदाच वापरायचे. माणसांची आणि गावांची नावे चालणार नाहीत. शब्द बरोबर की चूक ते या टेबलावरचा कोश ठरवेल. कागदावर दहा ओळी आहेत, दहाच शब्द लिहायचे. चुकीच्या शब्दाचे गुण कापणार नाही, पण त्याची ओळ फुकट जाईल.’

दहा ओळींच्या मर्यादेमागे कारण आहे. चुकीला शिक्षाच नसेल तर मुले सुचेल ते खरडतात आणि तपासणाऱ्या बाईंचा जीव मेटाकुटीला येतो. उलट वजा गुण ठेवले तर पाचवीतली मुले खात्रीचे चार शब्द लिहून गप्प बसतात. ओळी मोजक्या असल्या की शब्द लिहिण्याआधी मुले आपसांत विचार करतात, आणि हवे तेही तेच.

कोशाचे वाक्यही गाळू नये. वरच्याच अक्षरांतून ‘कार’ होतो. मोटार या अर्थाने तो मराठी मानायचा का, यावर शिक्षकांमध्येही दोन तट पडतील. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. त्यात जुने आणि प्रांतोप्रांतीचे शब्द भरपूर आहेत, पण आजच्या मुलांच्या तोंडचे अनेक शब्द त्यात सापडणार नाहीत. म्हणून शाळेने अलीकडचा एकखंडी कोश निवडावा आणि तो सगळ्यांना दिसेल असा पुढे ठेवावा. त्यात शब्द सापडला तर गुण, नाही तर नाही. मग क्विझमास्टरला स्वतःचे मत द्यावेच लागत नाही.

दुसरी फेरी शब्दसाखळीची. एका संघाने शब्द सांगायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्या संघाने दहा सेकंदांत दुसरा शब्द द्यायचा. भेंड्या खेळलेल्यांना इथली अडचण लगेच कळेल. ‘ळ’ आणि ‘ण’ यांवरून सुरू होणारे शब्द रोजच्या मराठीत नाहीत. चतुर संघ मग ‘फळ’, ‘बाळ’, ‘सण’ असे शब्द टाकून पुढच्याला अडकवत राहतो. म्हणून निवेदनात सांगायचे:

‘शब्दाच्या शेवटी ळ आला तर पुढच्याने ल घ्यायचा, ण आला तर न. शेवटच्या अक्षराची काना-मात्रा सोडून द्यायची, म्हणजे “माती”नंतर त. जोडाक्षर असेल तर त्यातले शेवटचे व्यंजन घ्यायचे, म्हणजे “पुत्र”नंतर र. एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा चालणार नाही.’

तोंडी फेरीत आणखी एक अन्याय सहज होतो. उत्तर न आल्यावर प्रश्न पुढे ‘पास’ करायची पद्धत असेल, तर तिसऱ्या संघाला विचार करायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मिळालेला असतो. गुण अर्धे केले तरी हे नीट भरून निघत नाही. त्यामुळे साखळीत ‘पास’ ठेवूच नये. संघ अडला तर त्याला शून्य द्यावे आणि क्विझमास्टरने नवे अक्षर देऊन खेळ पुढे न्यावा. प्रत्येक संघाला सारख्याच पाळ्या मिळायला हव्यात. पहिल्या चक्रात क्रम पहिल्या संघापासून आठव्यापर्यंत असेल, तर दुसऱ्या चक्रात तो आठव्यापासून पहिल्यापर्यंत उलटा करावा. सतत एकाच संघाच्या मागे बसण्याचा फायदा किंवा तोटा त्याने निघून जातो.

तिसऱ्या फेरीत सगळ्यांना एकच शब्दकोडे मिळते आणि बारा मिनिटे असतात. इथे वाद ऱ्हस्व-दीर्घावरून होतो. ‘गुरु’ लिहिले आणि उत्तर ‘गुरू’ असेल, तर गुण द्यायचा की नाही? ही शुद्धलेखनाची परीक्षा नाही, म्हणून द्यावा. पण ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ऱ्हस्व-दीर्घाने शब्दच बदलत असेल, तर तो चूक धरावा. उभ्या-आडव्या शब्दांचीही एक अडचण असते. आडव्या शब्दात एक अक्षर चुकले की त्याच घरातून जाणारा उभा शब्दही बिघडतो, आणि एका चुकीची शिक्षा दोनदा होते. त्यावर तोडगा असा:

‘पूर्ण बरोबर शब्दाला दोन गुण. तीन किंवा जास्त घरांच्या शब्दात एकच घर चुकले, तर एक गुण. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी गुण मिळेल, पण त्यामुळे वेगळाच शब्द होत असेल तर मिळणार नाही. शंका असेल तर संघनायकाने पुढची फेरी सुरू होण्याआधी हात वर करायचा. शेवटच्या फेरीच्या शंका निकाल जाहीर होण्याआधी विचारायच्या. गुण समान झाले तर शब्दकोड्यात जास्त गुण मिळवणारा संघ पुढे. तेही समान असतील तर एकच जादा प्रश्न, दोन्ही संघांनी पाटीवर एकाच वेळी उत्तर लिहायचे.’

शंका विचारायला मुदत घातली नाही, तर बक्षीस समारंभ सुरू झाल्यावर पहिल्या फेरीतला ‘साज’ कोणीतरी उकरून काढतो. आणि फळ्यावरचे गुण प्रत्येक फेरीनंतर मांडले नाहीत, तर शंका वेळेत येतच नाहीत. म्हणून गुणलेखकाने फेरी संपली की बेरीज फळ्यावर लिहावी आणि तपासलेले कागद संघांना पाहायला द्यावेत.

निवेदन लिहून झाले की स्पर्धेत नसलेल्या पाचवीतल्या एखाद्या मुलाला ते एकदा वाचून दाखवावे. मग कागद बाजूला ठेवून त्यालाच विचारावे: ‘“समाजकारण”मधून “मजा” चालेल का? “फळ”नंतर कुठले अक्षर? शिट्टी वाजताना अर्धा लिहिलेला शब्द धरायचा का?’ तो जिथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहावे. तिन्ही उत्तरे त्याने चटकन दिली, तर निवेदन तयार आहे.